फिट तपासणी: नागपुरात नमुना कसा द्यायचा, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे काय

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून सुरू होतो. त्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. या काळात पॉलिपमधून अधूनमधून थोडं रक्त झिरपतं. ते इतकं कमी असतं की संडासात डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायचं काम फिट ही तपासणी करते. तिचं पूर्ण नाव फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट. माणसाच्या रक्तातल्या ग्लोबिन या प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी तिच्यात वापरलेली असते. त्यामुळे आदल्या दिवशी सावजीचं मटण खाल्लं तरी रिपोर्ट बिघडत नाही. पोटातून किंवा वरच्या आतड्यातून आलेलं रक्त खाली पोचेपर्यंत त्यातलं ग्लोबिन पचून जातं, म्हणून ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दलच सांगते.

एंडोस्कोपी विभागात काम करताना मला दोन प्रकारचे लोक भेटतात. काहींनी ही तपासणी करायलाच नको होती, आणि काहींनी केली पण पॉझिटिव्ह आल्यावर पुढचं पाऊल उचललं नाही. हा लेख दोघांसाठी आहे.

पहिलं पाऊल: ही तपासणी तुमच्यासाठी आहे का

फिट ही काहीही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी आहे. संडासातून रक्त पडत असेल, गेल्या काही आठवड्यांत शौचाची सवय बदलली असेल, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी होऊन त्यात लोहाची कमतरता निघाली असेल, तर घरी नमुना घेत बसू नका. थेट डॉक्टरकडे जा. अशा वेळी फिट निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या बायकांमध्ये लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया निघाला, तर रक्त कुठून जातंय हे शोधावंच लागतं. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन वर्ष काढलेले पेशंट आमच्याकडे येतात, आणि तेव्हा वाईट वाटतं.

आता वयाचं. अमेरिकेत ४५ ते ७५ वर्षं, युरोपात साधारण ५० ते ७४, जपानमध्ये ४० च्या पुढे ही तपासणी करतात. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर पाहतात. मोठं आतडं त्यात नाही. म्हणजे तुम्हाला घरी कुणी बोलावणं पाठवणार नाही, निर्णय तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना घ्यायचा आहे. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चिमात्य देशांपेक्षा कमी आहे. म्हणून घरात कुणाला हा आजार नसेल आणि स्वतःला काही त्रास नसेल, तर ५० व्या वर्षी सुरुवात करणं मला योग्य वाटतं. ७५ नंतर प्रत्येकाची प्रकृती पाहून ठरवावं. ज्यांना दुसरे गंभीर आजार आहेत, त्यांच्या बाबतीत पुढच्या कोलोनोस्कोपीचा, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहण्याचा त्रासच तपासणीच्या फायद्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

काही लोकांना फिट पुरत नाही, त्यांना सरळ कोलोनोस्कोपीच लागते. ज्यांना आधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला आहे किंवा ज्यांचे मोठे पॉलिप काढले आहेत, ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हे आतड्याला कायम सूज ठेवणारे आजार आहेत, आणि ज्यांच्या घरात लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक आजार आहे, ते या गटात येतात. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलगा-मुलगी यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करतात. वडिलांना ४६ व्या वर्षी निघाला असेल, तर मुलाने ३६ व्या वर्षी.

दुसरं पाऊल: लॅबमध्ये नेमकं काय मागायचं

काउंटरवर "स्टूल टेस्ट करायची" एवढंच सांगितलं तर जंत आणि अमिबा पाहणारी साधी तपासणी लिहून घेतील. "ऑकल्ट ब्लड" म्हटलं तर कुठे जुनी रासायनिक तपासणी होते, कुठे इम्युनोकेमिकल कार्ड वापरतात. जुन्या रासायनिक तपासणीत लाल मांसामुळे खोटा पॉझिटिव्ह आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून तिथे पथ्य पाळावं लागतं. तुम्ही दोन प्रश्न विचारा: ही इम्युनोकेमिकल पद्धत आहे का, आणि रिपोर्टमध्ये आकडा येतो की फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह?

आकडा देणारी मशीनवरची तपासणी मिळाली तर ती घ्या. कार्डावर हलकी रेघ उमटली की नाही हे माणसाच्या नजरेवर अवलंबून असतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांची पॉझिटिव्ह ठरवायची पातळी वेगवेगळी असते. कार्डाशिवाय पर्याय नसेल तरी तपासणी टाळण्यापेक्षा ते बरं, फक्त दरवर्षी एकाच लॅबमधून करा.

किट मात्र आधी घरी आणा. घरून डबीत शौच घेऊन लॅबमध्ये नेण्यापेक्षा किटची नळी कितीतरी चांगली. तिच्यात हिमोग्लोबिन टिकवणारं द्रव असतं आणि झाकणाला खाचा असलेली बारीक दांडी असते.

तिसरं पाऊल: नमुना घेणं

पाळी चालू असेल तर ती संपल्यावर तीन दिवस थांबा. मूळव्याधीतून किंवा फिशरमधून ताजं रक्त पडत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तरी तेव्हा नमुना घेऊ नका. मूळव्याध आहे म्हणून पडणारं रक्त दरवेळी मूळव्याधीचंच असतं असं मात्र धरून चालू नका, ते डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या या तपासणीसाठी बंद करायच्या नाहीत. हृदयरोग्याने मनाने गोळी बंद केली तर त्यात खरा धोका आहे.

शौचाला पाणी किंवा लघवी लागली नाही पाहिजे, संडास साफ करायचं लिक्विड तर मुळीच नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात हे सोपं आहे. आधी लघवी करून घ्या, भांड्याच्या सपाट भागावर जाडसर वर्तमानपत्र किंवा कॅरीबॅग पसरा आणि त्यावर शौच करा. कमोड असेल तर सीटखाली कागद किंवा प्लास्टिक झोळीसारखं अडकवा. हात धुवायचं पाणी नमुना घेतल्यानंतरच वापरा.

दांडी शौचाच्या वरच्या भागात चार-पाच ठिकाणी टोचा आणि फिरवा. रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून एकाच जागी खोल टोचून उपयोग नाही. दांडीच्या खाचा भरल्या की पुरे. लोकांना वाटतं जास्त घेतलं तर जास्त नीट कळेल. उलट, जास्तीचा माल नळीत गेला तर आकडा चुकतो, कारण मशीन ठरावीक वजन गृहीत धरून हिशेब करते. बऱ्याच किटमध्ये ते साधारण १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. दांडी नळीत घालून झाकण क्लिक होईपर्यंत दाबा, नळी थोडी हलवा आणि तिच्यावर नाव, वय, तारीख, वेळ लिहा. तारीख लिहिली नाही तर नमुना किती जुना आहे हे लॅबला कळत नाही.

नागपूरचं ऊन

ही तपासणी जिथे रुजली त्या देशांत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात नाही. आपल्याकडे जातो. हिमोग्लोबिन उष्णतेत तुटतं, आणि तुटलेलं ग्लोबिन अँटिबॉडीला ओळखता येत नाही. म्हणजे उन्हात राहिलेल्या नमुन्यात रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. इटलीत फ्लॉरेन्सच्या तपासणी कार्यक्रमातल्या नोंदी पाहिल्या तेव्हा उन्हाळ्यात फिट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हिवाळ्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी निघाली. फ्लॉरेन्सचा उन्हाळा आणि आपला वैशाख यांची बरोबरीच नाही.

म्हणून माझा आग्रह असा: वार्षिक फिट दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करा. तेव्हा हवा थंड असते. मार्च ते जून करावीच लागली, तर सकाळी नमुना घ्या, नळी दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. नेताना गाडीच्या डिक्कीत टाकू नका. दुपारी उभ्या असलेल्या गाडीची डिक्की बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. थर्मासमध्ये किंवा बर्फाची पिशवी ठेवलेल्या डब्यात न्या. लॅबच्या माणसाने घरून नमुना न्यायचा असेल, तर त्याच्याकडे थंड पेटी आहे का ते विचारा. नळीवर किती तापमान आणि किती दिवस चालेल हे छापलेलं असतं, ते वाचा. तेवढ्या मर्यादेबाहेर गेलेला नमुना टाकून नवा घ्या.

रिपोर्ट वाचताना

एक उदाहरण घेऊ. समजा, मनीषनगरातले ५७ वर्षांचे एक काका. त्रास काही नाही, घरात कुणाला हा आजार नाही, जुनी मूळव्याध आहे. डिसेंबरात त्यांनी फिट केली आणि रिपोर्टमध्ये १६० नॅनोग्रॅम प्रति मिली असं आलं. मर्यादा १०० लिहिली होती.

इथे एककांचा गोंधळ होतो. काही लॅब नळीतल्या द्रवाच्या दर मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम देतात, काही शौचाच्या दर ग्रॅममागे मायक्रोग्रॅम देतात. काकांच्या किटमध्ये १० मिलिग्रॅम शौच २ मिली द्रवात मिसळतं, त्यामुळे पहिला आकडा ५ ने भागला की दुसरा मिळतो. त्यांचे १६० म्हणजे ३२ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, आणि मर्यादा २० ची. दुसऱ्या किटमध्ये प्रमाण वेगळं असेल तर भागायचा आकडाही वेगळा. अमेरिकेत २० ही मर्यादा रूढ आहे, काही युरोपीय देशांनी ती बरीच वर ठेवली आहे, कारण त्यांना कोलोनोस्कोपीची गर्दी आवरायची असते. त्यामुळे इंटरनेटवरचा परदेशी आकडा पाहून "माझं तर कमीच आहे" असं समाधान करून घेऊ नका. तुमच्या लॅबच्या मर्यादेपेक्षा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, मग आकडा किंचित जास्त असो की खूप.

निगेटिव्ह आला तर

दर वर्षी करा. इंग्लंड, नेदरलँड्स अशा देशांत दोन वर्षांनी करतात, अमेरिका आणि जपानमध्ये दरवर्षी. बोलावणं पाठवणारी व्यवस्था नसलेल्या आपल्या शहरात दरवर्षीचा नेम लक्षात ठेवायला सोपा आहे.

पुन्हा पुन्हा करण्याचं कारण तपासणीच्या मर्यादेतच आहे. एका वेळच्या फिटमध्ये कॅन्सर असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ७५ ते ८० जण सापडतात. कॅन्सर होण्याच्या वाटेवरचे मोठे पॉलिप असलेल्यांपैकी एका वेळी जेमतेम चौथा हिस्सा सापडतो. पॉलिप रोज रक्त सोडत नाही. पण वर्षानुवर्षं तपासत गेलं, तर एका खेपेला निसटलेला पॉलिप पुढच्या खेपेला सापडायची संधी मिळते. म्हणून एकदा केलेली आणि विसरलेली फिट फारशी कामाची नाही. एखादं वर्ष चुकलं तर लगेच करून टाका, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. आणि मधल्या काळात रक्त दिसलं किंवा त्रास सुरू झाला, तर मागचा निगेटिव्ह रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

पॉझिटिव्ह आला तर

काकांच्या घरी जे झालं ते जवळपास प्रत्येक घरी होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, मूळव्याधच असेल, महिनाभरानं परत करून पाहू." काकूंना वाटलं, कॅन्सरच झाला. दोघांचाही अंदाज चुकीचा.

तपासणी कार्यक्रमांत पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक लोकांना कॅन्सर नसतो, १०० मागे दहाहून कमी जणांना तो निघतो. पॉलिप मात्र पुष्कळ जणांत सापडतात, आणि तेच शोधायला आपण निघालो होतो. आता दुसऱ्या फिटचं. पुन्हा केली आणि निगेटिव्ह आली, तर पहिल्या रिपोर्टचं काय करणार? पॉलिप अधूनमधूनच रक्त सोडतो, त्यामुळे दुसरा निगेटिव्ह रिपोर्ट पहिल्याला खोटं ठरवत नाही. मूळव्याध असल्यामुळे वर पॉलिप नाही, असंही होत नाही. एका पॉझिटिव्ह फिटनंतर एकच पाऊल असतं: कोलोनोस्कोपी. सोनोग्राफी किंवा सीईए नावाची रक्ततपासणी तिची जागा घेऊ शकत नाही.

वेळेबद्दल कॅलिफोर्नियात ७०,००० हून जास्त पॉझिटिव्ह लोकांच्या नोंदी पाहून २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला. काही आठवड्यांत केलेली कोलोनोस्कोपी आणि काही महिन्यांनी केलेली, यांत मोठा फरक दिसला नाही. पण १० महिन्यांच्या पुढे गेल्यावर कॅन्सर निघण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यात असण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे रात्रीतून धावपळ करायची गरज नाही. एक-दोन महिन्यांत करा, लग्नसराई संपू दे म्हणत वर्ष घालवू नका. नागपुरात मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये आणि खाजगी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे चौकशी करा, जाताना फिटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या.

तयारीत सगळं यश आहे, कारण आतडं साफ नसेल तर पॉलिप मळाखाली लपतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करतात. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, तीळ, बियांची फळं, फोडींसकट संत्रं, ज्वारीची भाकरी, डाळीची सालं बंद. पांढरा भात, पातळ वरण, दही, उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी पातळ पदार्थ: गाळलेलं संत्र्याचं सरबत, नारळपाणी. लाल किंवा जांभळं पेय नको, आतून ते रक्तासारखं दिसतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर सहसा दोन लिटर पाण्यात मिसळून अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी त्या दिवशी पहाटे पितात. सगळी रात्रीच संपवली तर सकाळपर्यंत आतड्यात परत चिकट द्रव साचतो. शेवटची जुलाब पिवळसर आणि लघवीसारखी स्वच्छ झाली, म्हणजे तयारी झाली. काळसर, गढूळ असेल तर नर्सला सांगा, लपवू नका. डायबेटिसच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून घरचं कुणीतरी सोबत हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

तपासणीत साधारण अर्धा तास जातो. नळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोचली असं रिपोर्टमध्ये लिहिलेलं हवं, आणि आतडं किती साफ होतं तेही. "तयारी अपुरी" असं लिहिलं असेल, तर ती कोलोनोस्कोपी पूर्ण झाली असं समजू नका, ती पुन्हा करावी लागते. पॉलिप दिसला तर तारेच्या फासाने त्याच वेळी काढतात, दुखत नाही. आतड्याला भोक पडणं किंवा पॉलिप काढल्यावर रक्त जाणं हे धोके क्वचित असतात. घरी गेल्यावर पोटात जोराचं दुखलं, ताप आला किंवा रक्त पडत राहिलं, तर लगेच परत या.

काकांना डावीकडे खालच्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, देठ असलेला १४ मिलिमीटरचा पॉलिप निघाला आणि एक ४ मिलिमीटरचा. दोन्ही काढले. बायोप्सीत मोठा पॉलिप ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो अशा प्रकारचा निघाला, पण त्यात कॅन्सर नव्हता. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा ॲडेनोमा निघाला, की पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी करतात. मधल्या काळात फिट करायची नाही, कारण आता ते साध्या धोक्याच्या गटात राहिले नाहीत. एक-दोन लहान ॲडेनोमा असते तर ७ ते १० वर्षांनी पुरलं असतं. काहीच निघालं नसतं आणि आतडं स्वच्छ दिसलं असतं, तर १० वर्षं फिटचीही गरज पडली नसती.

कॅन्सर निघाला तर पुढे सीटी स्कॅन होतो आणि ऑपरेशनचा निर्णय होतो. फिटमधून लवकर सापडलेल्यांत बऱ्याचदा ऑपरेशनवरच उपचार पुरे होतात. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय अशा ठिकाणी उपचार होतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, म्हणून ज्या रुग्णालयात जाल तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी भेटा आणि रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा.

काकांनी कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवला आणि त्याची प्रत अमरावतीच्या धाकट्या भावाला आणि मुलालाही दिली. एवढा मोठा ॲडेनोमा निघालेल्याचे सख्खे भाऊ-बहीण आणि मुलं यांनी चाळिशीपासूनच तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं लागतं. तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो पॉलिपच्या आकाराचा आणि बायोप्सीत काय लिहिलं होतं त्याचा.